गोष्ट अंड्यापासून सांगू नका

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या ताईंच्या लिखाणाचं उदाहरण यात आहे, त्यांना आणि त्यांच्या गटाला विचारूनच तो इथं दिला आहे.)



मी शाळेत तेवीस वर्षं मराठी शिकवलं. निबंध कसा लिहायचा, तर आधी प्रस्तावना, मग मुख्य भाग, मग समारोप, असं मी फळ्यावर लिहून द्यायचे. आता निवृत्त झाल्यावर आपल्या वार्तापत्रासाठी आलेले कागद वाचते आणि माझंच शिकवणं माझ्यासमोर येतं. तुम्ही पाठवलेल्या बहुतेक गोष्टी एकाच वाक्यानं सुरू होतात : "आमच्या गटाची स्थापना अमुक साली झाली." पुढं सदस्य किती, बचत किती, अध्यक्ष कोण, खातं कधी उघडलं. खरी गोष्ट कुठंतरी खाली, एका ओळीत दबून बसलेली असते.

म्हणून आज एकच गोष्ट सांगणार आहे. आपला अनुभव लिहून गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकायचा असो की वार्तापत्रात द्यायचा असो, सुरुवात कुठून करायची? माझं म्हणणं असं की, जिथं पेच पडला तिथून करायची. मागचं सगळं आधी सांगत बसायचं नाही.

एक उदाहरण घेते. आपल्यातल्याच एका गटाच्या सचिव ताईंनी मला हा मजकूर दाखवला होता. कुरडयांच्या गिऱ्हाइकांना पाठवायचा होता.

"आमच्या गटाची स्थापना २०१६ साली झाली. गटात अकरा सदस्य आहेत. आम्ही दरमहा शंभर रुपये बचत करतो. गटाला प्रशिक्षण मिळाले. २०२१ पासून आम्ही कुरडया, पापड, शेवया तयार करतो. आम्हाला अनेक अडचणी आल्या, परंतु आम्ही जिद्द सोडली नाही. एकदा अवकाळी पाऊस आला व मालाचे नुकसान झाले. तरी आम्ही ग्राहकाचा विश्वास जपला. सर्वांनी आम्हाला सहकार्य करावे."

यात खोटं एक अक्षर नाही. शुद्धलेखनही चांगलं आहे. पण आपण मजकूर पाठवला की फोनवरच्या सूचनेत त्याच्या पहिल्या काही ओळीच दिसतात. बाकीचं मजकूर उघडेपर्यंत झाकलेलं असतं. वाचणारी बाई भाजी फोडणीला टाकता टाकता फोन बघते. तिला स्थापना, सदस्य आणि बचत एवढंच दिसतं आणि तिचं बोट पुढं सरकतं. पाऊस झाकणाखालीच राहतो.

मी ताईंना विचारलं, "पाऊस आला तेव्हा तू कुठं होतीस गं?"

त्या म्हणाल्या, "बाई, मी गोठ्यात धार काढत होते. पत्र्यावर पहिला थेंब वाजला आणि चरवी तिथंच टाकून मी जिन्याकडं पळाले. गच्चीवर वीस किलोच्या कुरडया पसरलेल्या!"

बाजूला दोघीतिघी आपापसात बोलत होत्या, त्या एकदम गप्प झाल्या आणि आमच्याकडं बघायला लागल्या. एकीनं विचारलंही, "मग? भिजल्या का?"

बघा, त्याच ताई, तीच घटना. बोलताना त्यांनी बरोबर जागेवरून सुरुवात केली आणि लिहिताना पाच वर्षं मागं गेल्या. आपण सगळ्याच असं करतो. नळावर शेजारीण भेटली तर आपण तिला "आमच्या घराची स्थापना" सांगत नाही. "अगं, काल काय झालं ठाऊक आहे का?" असं म्हणून थेट घटनेत शिरतो. हातात पेन आलं की मात्र आपण अर्ज लिहायला बसतो.

याबद्दल एक जुनी गंमत सांगते. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये होरेस नावाचा कवी होऊन गेला. कविता कशी लिहावी यावर त्यानं लिहिलंय. त्यात तो होमर या त्याच्याही आधीच्या ग्रीक कवीचं कौतुक करतो. का, तर होमरनं ट्रॉयच्या युद्धाची गोष्ट अंड्यापासून सुरू केली नाही. ते युद्ध हेलन नावाच्या राणीवरून झालं, आणि त्यांच्या पुराणात ही हेलन अंड्यातून जन्मली असं सांगतात. दुसरा कुणी असता तर त्यानं अंडं, मग हेलनचा जन्म, मग तिचं लग्न, असं करत करत युद्धापर्यंत आणलं असतं. होमरचं काव्य युद्धाच्या दहाव्या वर्षी, दोन वीरांच्या भांडणापासून सुरू होतं. ऐकणारा सरळ मधोमध जाऊन पडतो.

आमच्या गटात आता हा शब्दच झालाय. कुणी लांबून सुरू केलं की दुसरी म्हणते, "ताई, अंडं काढा."

पण मधोमध म्हणजे नेमकं कुठं? इथंच बहुतेक जणी चुकतात, आणि त्या दिवशी आम्हीही चुकलो होतो. पत्र्यावरचा थेंब ऐकून मी खूश झाले. ताईंना म्हटलं, "हेच पहिलं वाक्य." त्यांनी तसं लिहूनही आणलं. वाचायला चांगलं वाटलं, पण चार ओळींनंतर गोष्ट परत सपाट झाली. पाऊस आला, कुरडया भिजल्या, नुकसान झालं, वाईट वाटलं. पुढं काही नाही.

मग माझ्या लक्षात आलं की संकट वेगळं आणि पेच वेगळा. पाऊस हे संकट. ते आपल्यावर येऊन पडतं, त्यात आपल्याला काही ठरवायचं नसतं. पेच म्हणजे दोन वाटा समोर असतात, दोन्हीकडं काहीतरी गमवायचं असतं, आणि ठरवणारे आपण असतो. गोष्ट ओढून नेतो तो पेच. म्हणून मी परत विचारलं, "पाऊस गेल्यावर तुम्हाला काय ठरवावं लागलं?"

ताई जरा वेळ बोललीच नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "बाई, त्या रात्री मी एक वाक्य बोलले होते. ते लिहायचं नाही म्हणून तर मी स्थापनेपासून सुरू केलं."

हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतेय. लांबलचक मागचं आपण नेहमी सवयीनंच लिहितो असं नाही. कधी कधी खऱ्या जागेपर्यंत पोचायला लागू नये म्हणूनही लिहितो. तुमच्या गोष्टीत तुम्ही सगळ्यात जास्त काय टाळताय ते बघा. बऱ्याचदा पेच तिथंच असतो.

त्यांनी तिसऱ्यांदा लिहून आणलं, ते असं :

"'वाळल्यावर कुणाला कळणार आहे?' असं मीच म्हणाले. रात्रीचे नऊ वाजले होते. आमच्या पडवीत भिजलेल्या कुरडयांच्या दोन पाट्या मध्ये ठेवून आम्ही अकराजणी बसलो होतो.

संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. गच्चीवर वीस किलोच्या कुरडया दुसऱ्या उन्हात होत्या. सहा कागदांपैकी चार आम्ही वेळेत उचलले, दोन भिजले. म्हणजे साधारण सहा किलो माल. ऑर्डर लग्नघरची होती आणि परवा द्यायची होती. अर्धे पैसे आधी घेतले होते, त्यांचाच गहू आणला होता. नवीन करायच्या तर गहू भिजण्यातच तीन दिवस जातात.

गटातल्या सगळ्यात मोठ्या आजी म्हणाल्या, 'पंख्याखाली वाळतील. दिसायलाही दिसतील चांगल्या. पण कुरडई वर्षभर डब्यात ठेवतात. आत ओल राहिली तर पावसाळ्यात बुरशी धरेल, आणि एकीपायी त्या बाईचा अख्खा डबा जाईल.'

मी म्हणाले, 'आणि आपले पैसे?' कुणीच बोललं नाही. मग मीच फोन उचलला.

लग्नघरच्या ताई आधी रागावल्या. बरोबरच होतं त्यांचं. मग म्हणाल्या, 'चौदा किलो द्या. बाकीच्या महिनाभरात द्या, पण चांगल्या द्या.' भिजलेल्या कुरडया वाळवून आम्ही आपापल्या घरी नेल्या आणि आठ दिवसांत तळून संपवल्या. किलोला तीनशे रुपये भाव होता, म्हणजे अठराशे रुपयांचा माल आम्ही खाल्ला. नवीन सहा किलो पंधरा दिवसांनी पोचवल्या.

आता आम्ही एका वेळी गच्चीवर पसरतो तेवढाच माल, जेवढा अकराजणींना दहा मिनिटांत उचलता येईल."

आता हे कसं जमलं ते उलगडून बघू.

पहिली तीन वाक्यं परत वाचा. कोण बोललं ते कळतं, वेळ कळते, जागा कळते, समोर काय ठेवलंय ते दिसतं. आणि काहीतरी लपवायचं की नाही, हा प्रश्न उभा राहतो. त्याचं उत्तर मात्र त्यात नाही. सुरुवातीच्या वाक्यांकडून एवढंच हवं असतं. ही तीन वाक्यं फोनवर झाकणाच्या वरच राहतात.

मग मागची माहिती गेली कुठं? सगळी टाकून दिली नाही. पहिल्या मजकुरातल्या एकेका वाक्यावर आम्ही बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काढलं तर पडवीत काय चाललंय ते वाचणारीला कळणार नाही का?" स्थापनेचं साल काढलं, काही बिघडलं नाही. बचतीचे शंभर रुपये काढले, काही बिघडलं नाही. प्रशिक्षण काढलं. अकरा सदस्य मात्र राहिले, पण पूर्ण वाक्य न होता 'अकराजणी' या एका शब्दात मावले.

उलट दोन गोष्टी पहिल्या मजकुरात नव्हत्याच, त्या नव्यानं आणाव्या लागल्या. एक म्हणजे अर्धे पैसे आधी घेतले होते. दुसरी, गहू भिजायला तीन दिवस लागतात. या दोन गोष्टी कळल्याशिवाय त्या बायका अडकल्या कशा ते समजत नाही. नाहीतर वाचणारी म्हणेल, "मग नवीन करून द्यायच्या की!" थोडक्यात, जे मागचं सांगितल्यावर पेच घट्ट होतो तेवढंच ठेवायचं. आणि तेही पेच दाखवून झाल्यावर, म्हणजे वाचणारीच्या मनात "असं का?" आलेलं असताना. भाजीत मीठ घालतो तसं, लागेल तेवढं आणि लागेल तेव्हा.

ही पद्धत कुठं फसते, तेही सांगते. नंतर आलेल्या लिखाणात तीन चुका मला वारंवार दिसल्या.

पहिली चूक नुसत्या आवाजाची. "ती रात्र मी आयुष्यात कधीच विसरणार नाही!" किंवा "आणि अचानक माझ्या पायाखालची जमीन सरकली!" यात वाचणारीला काहीच दिसत नाही. कुठली रात्र, कुठली जमीन? हे वाक्य कुठल्याही गोष्टीला डकवता येतं, यावरूनच ओळखायचं. त्याजागी हातातली वस्तू लिहा. पाटी, चरवी, पासबुक, औषधाची बाटली, जे तेव्हा खरंच हातात होतं ते.

दुसरी चूक आत जाऊन परत पळून येण्याची. दोन ओळी पेचाच्या लिहायच्या आणि लगेच, "पण हे समजण्यासाठी आधी माझं लग्न झालं तेव्हाचं सांगते." मग तीन परिच्छेद लग्नाचे. अंडं फक्त दाराआड लपवलेलं असतं, निघालेलं नसतं. याची परीक्षा सोपी आहे. मजकूर कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकणारी मध्येच "अगं, पण त्या कुरडयांचं काय झालं?" असं म्हणाली, की त्या जागेच्या वरच्या चार ओळी कापा. दोनतीन वाक्यांपेक्षा जास्त वेळ पेचापासून लांब राहू नका.

तिसरी चूक वाढवून सांगण्याची. पेचापासून सुरू करा म्हटलं की काहीजणींना वाटतं, पेच मोठाच पाहिजे. मग सहा किलोचे साठ किलो होतात आणि लग्नघरची ताई दुष्ट होते. आपली गिऱ्हाइकं आणि आपल्या सदस्य आपल्याला ओळखतात. एक आकडा खोटा निघाला की बाकीचंही खोटं वाटतं. अठराशे रुपये हा छोटा आकडा नाही. अकराजणींत वाटला तर दर बाईला दीडशेच्या वर पडतात, ती कुणाची तरी दिवसभराची कमाई असते. आहे तेवढंच लिहा.

शेवट सांगायलाही विसरू नका. पेचापासून सुरू केलं म्हणजे वाचणारीला आपण उभं करून ठेवलंय. काय ठरवलं, काय गेलं, काय राहिलं, हे आकड्यासकट सांगूनच तिला सोडायचं. आणि "म्हणून जिद्द असावी" असं खाली जोडायची गरज नाही. ताईंच्या मजकुरात शेवटी दहा मिनिटांत उचलता येईल एवढाच माल, हा नियम आलाय. ती शिकवण कुणीही आपल्या गच्चीवर उद्या वापरू शकते.

आता ही पद्धत कुठं वापरायची नाही तेही ऐका, नाहीतर बँकेचे साहेब मला शोधत येतील. कर्जमागणीचा अर्ज, बैठकीचा ठराव, हिशोबाची टिपणी, विम्याचा दावा, इथं तारीख, नाव, गटाचा क्रमांक आणि रक्कम आधीच पाहिजे. ते कागद कुणी गोष्ट म्हणून वाचत नाही, माहिती शोधायला वाचतात. तसंच मालाचा भाव आणि मिळण्याची जागा सांगायची असेल तर सरळ भावच लिहा.

आणि काही पेच आपले नसतात. दुसऱ्या बाईच्या घरातली मारहाण, तिचं आजारपण, तिच्या मुलीचं काही. पेचापासून सुरू करायचं म्हणजे सगळ्यात नाजूक जागा सगळ्यात वर येते, पहिल्याच ओळीत. नाव बदललं तरी गावात ओळखू येतं. ज्या बाईची ती गोष्ट आहे तिनं स्वतः वाचून "चालेल" म्हटल्याशिवाय पाठवू नका. तिनं नको म्हटलं तर विषय संपला.

या ताईंनीही तसंच केलं. मजकूर पाठवण्याआधी गटाच्या बैठकीत वाचून दाखवला. एक सदस्य म्हणाली, "अगं, तू स्वतःवर कशाला घेतेस? आम्हा सगळ्यांच्याच मनात ते होतं." ताई म्हणाली, "मनात सगळ्यांच्या होतं, पण बोलले मी. 'आम्ही' लिहिलं तर ते कुणाचंच राहत नाही." आजींनी आपलं वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि मान हलवली. मग तो मजकूर गेला.

मला काळजी होती. गिऱ्हाइकांना कळलं की यांच्या मनात एकदा तरी भिजलेला माल द्यायचं आलं होतं, तर? दोन दिवसांनी मी ताईंना विचारलं, काय म्हणाले लोक. त्या म्हणाल्या, "एका बाईंनी विचारलं, त्या आजी अजून कुरडया घालतात का. आणि यंदा दोन किलो त्यांच्यासाठी ठेवायला सांगितल्या."

पुढच्या बैठकीला येताना तुमची अख्खी गोष्ट आणू नका. फक्त पहिली दोन वाक्यं आणा. कुठं होता, हातात काय होतं आणि काय ठरवायचं होतं, एवढं त्यात आलं पाहिजे. ती मोठ्यानं वाचू. ऐकून कुणी "मग?" असं विचारलं तर पुढचं लिहा. नाही विचारलं तर आपण मिळून अंडं शोधू.